अनुभव धागा: नोकरी सोडताना लॅपटॉप, कार्ड, किल्ल्या परत दिल्या, पण पोच घेतली का?

साताऱ्याहून_लॉगिन (धागाकर्ता)

पुण्यातल्या एका कंपनीत सहा वर्षं होतो. शेवटची तीन वर्षं साताऱ्याला घरूनच काम केलं. राजीनामा दिल्यावर एचआरकडून परत करायच्या वस्तूंची यादी आली: लॅपटॉप, चार्जर, हेडसेट, अ‍ॅक्सेस कार्ड, ड्रॉवरची किल्ली. सगळं एका बॉक्समध्ये भरून कुरिअरने पाठवलं. पोहोचल्याचा मेसेज आला आणि मी निर्धास्त झालो.

तीन आठवड्यांनी फुल अँड फायनलचा हिशेब आला. त्यात ‘लॅपटॉप परत नाही’ असं म्हणून ४१,००० रुपये कापले होते. सोबत दिलेला सिरीयल नंबर मी पाठवलेल्या मशीनचा नव्हताच. मग डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला होता. कंपनीने तो कुरिअरने मागवून घेतला आणि बदली दुसरा दिला. त्यांच्या नोंदीत मात्र पहिला अजून माझ्याच नावावर होता आणि दुसरा ‘स्टोअरमध्ये शिल्लक’ होता. म्हणजे मी परत दिला तो लॅपटॉप त्यांच्या लेखी कधी बाहेर गेलाच नव्हता, आणि जो माझ्याकडे नव्हता तो माझ्यावर येणे होता.

अदलाबदलीचे सगळे मेल ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये होते आणि तो शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद झाला. सुदैवाने पहिला लॅपटॉप नेला त्या दिवशीच्या कुरिअर पावतीचा फोटो मी बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्यावर डॉकेट नंबर होता, सिरीयल नंबर नव्हता. त्या तारखेवरून त्यांच्या अ‍ॅसेट टीमने सर्व्हिस सेंटरची जॉबशीट शोधली, तिच्यावर जुना नंबर सापडला. या सगळ्यात पाच आठवडे गेले. पैसे परत आले, पण तोवर रिलीव्हिंग लेटर अडकलं आणि नव्या कंपनीची पडताळणी त्यासाठी थांबली. ते दिवस फार वाईट गेले.

तुम्ही वस्तू परत कशा दिल्या, पुरावा म्हणून काय ठेवलं, कुठे अडलं, हे सविस्तर लिहा. चार्जरचा एक वाद माझाही अजून बाकी आहे, त्याबद्दल शेवटी विचारेन.

---

अ‍ॅसेट_खोली

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. अकरा वर्षं लॅपटॉप वाटतो आणि परत घेतो. धागाकर्त्याचा प्रकार आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एकदा होतोच. दुरुस्तीच्या घाईत बदली मशीन दिलं जातं आणि नोंद ‘नंतर करू’ म्हणून राहते. म्हणून राजीनामा दिला त्याच आठवड्यात अ‍ॅसेट टीमला एक ओळीचा मेल करा: माझ्या नावावर काय काय आहे, सिरीयल नंबरसह कळवा. तुमच्या हातातलं मशीन त्याच्याशी ताडून बघा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये हे चालवलं की नंबर दिसतो:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

तळाच्या स्टिकरवरचा नंबरही बघा. मदरबोर्ड बदललेला असेल आणि तंत्रज्ञाने नवीन बोर्डात नंबर भरला नसेल, तर वरच्या कमांडला कोरी ओळ येते किंवा वेगळंच काहीतरी येतं. असं दिसलं तर आत्ताच सांगा. नोटीस पीरियडमध्ये तुमचा मेल चालू असतो आणि मॅनेजर फोन उचलतो. नंतर दोन्ही अवघड होतं.

मॅकबुकचा त्रास वेगळा. लोक त्यावर स्वतःचा अ‍ॅपल आयडी टाकतात, फाइंड माय चालू राहतं आणि मशीन तसंच परत येतं. आम्ही ते पुसून पुन्हा सुरू केलं की ते जुन्या माणसाचा पासवर्ड मागतं. मोठ्या कंपन्यांकडे ही अडचण सोडवायची व्यवस्था असते, लहान कंपन्यांकडे बहुधा नसते. मग मशीन हातात असूनही निरुपयोगी, आणि ‘परत मिळालं’ अशी सही द्यायला कोणी तयार होत नाही. देण्याआधी सेटिंग्जमध्ये स्वतःच्या अ‍ॅपल खात्यातून साइन आउट करा. विसरलात तर घरूनही iCloud.com/find वर जाऊन ते मशीन आपल्या खात्यातून काढता येतं.

आणि लॅपटॉप स्वतः फॉरमॅट करून देऊ नका. आपले फोटो, आधार-पॅनच्या प्रती, ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड काढा आणि तिथे थांबा. अख्खी डिस्क पुसून आली की आमच्याकडे आधी प्रश्न उठतो, काय लपवलं?

---

नागपूर_संत्री

फॉरमॅटबद्दल माझं मत उलट आहे. माझ्या लॅपटॉपवर मुलीच्या उपचारांची कागदपत्रं होती. फाइल डिलीट केली म्हणजे ती खरोखर गेली असं नसतं. मी एचआरला लेखी विचारून, परवानगी घेऊन रीसेट केलं. परवानगीचा मेल माझ्या खासगी पत्त्यावर मागवला.

बाकी माझी अडचण कार्डाची झाली. मीही सगळं एका बॉक्समध्ये पाठवलं. बॉक्स गेला आयटीकडे. त्यांनी लॅपटॉप काढला आणि कार्ड व किल्ली बॉक्समध्येच राहिली. कार्डाची सही देतं सिक्युरिटी, किल्लीची अ‍ॅडमिन. दोघांच्याही खान्यात ‘बाकी’. मॅनेजरने त्या खोलीत जाऊन रिकाम्या बॉक्समध्ये हात घातला तेव्हा थर्माकोलखाली दोन्ही सापडलं. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, एकाच बॉक्समध्ये पाठवा पण वेगवेगळी पाकिटं करा, प्रत्येकावर विभागाचं नाव लिहा, आणि बॉक्समधल्या वस्तूंची यादी वरच चिकटवून तिचा फोटो काढा.

---

हक्काचे_बोला

एवढं घाबरता कशाला? नव्या कायद्याप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन दिवसांत सगळा हिशेब द्यावाच लागतो, आणि लॅपटॉपसाठी एक पैसाही कापता येत नाही. सरळ नोटीस पाठवायची.

---

कामगार_कायदा_नाशिक

अर्धं बरोबर आहे. वेतन संहिता, २०१९ ही नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात राजीनामा दिलेल्याचंही देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं म्हटलं आहे. पण ‘एक पैसाही कापता येत नाही’ हे खरं नाही. सांभाळायला म्हणून स्पष्टपणे सोपवलेली वस्तू तुमच्या हयगयीने हरवली किंवा बिघडली, तर कपात करता येते. मात्र त्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. धागाकर्त्याला ती मिळालीच नव्हती, थेट हिशेबात आकडा आला. तिथे मी पहिलं पत्र एवढंच लिहिलं असतं: कोणती वस्तू, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने मला दिली, ते दाखवा.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ हे वेगळे विषय आहेत. चार्जर आला नाही म्हणून ते अडवता येत नाहीत. आणि उलट बाजूही ऐका. चिडून लॅपटॉप स्वतःकडे ठेवून ‘आधी पैसे द्या’ म्हणू नका. कंपनीची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं हा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४५२ खाली गुन्हा आहे, आणि दंड एक लाखापासून सुरू होतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अगदी हेच केलं होतं. पगाराची त्याची तक्रार खरी होती, पण ती बाजूला पडली आणि लॅपटॉपच पुढे आला.

---

खडू_फळा

मी निवृत्त मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा. आमच्याकडे याला चार्ज देणं म्हणतात. डेड स्टॉक रजिस्टर उघडायचं, एकेक वस्तू डोळ्यांनी बघायची आणि देणारा-घेणारा दोघांनी सही करायची. मी चार्ज घेताना घाई केली. रजिस्टरमध्ये बाक बेचाळीस होते, प्रत्यक्षात अडतीस. मी न मोजता सही केली. निवृत्तीच्या वेळी ते चार बाक माझ्या नावावर निघाले आणि नादेय दाखला दोन महिने थांबला. आपला प्रश्न परत देण्याचा आहे, पण मला वाटतं चूक घेतानाच होते.

---

अ‍ॅसेट_खोली

सर, तुम्ही लिहिलंत ते लॅपटॉपलाही लागू आहे. मिळताना आलेल्या मेलमधला नंबर शंभरात पाच जणसुद्धा ताडत नाहीत.

---

टॅली_ताई

मी अकाउंट्समध्ये होते. दोन गोष्टींनी मला छळलं.

पहिली, कंपनीचं सिमकार्ड. सिम यादीत होतं, मी दिलंही. पण माझं स्वतःचं बँक खातं त्याच नंबरला जोडलेलं आहे हे विसरले. दुसऱ्या दिवशी ओटीपी गेला माझ्या जागी आलेल्या मुलीच्या फोनवर. तिने प्रामाणिकपणे कळवलं, पण नंबर बदलायला मला शाखेत जावं लागलं. सिम देण्याआधी बँक, ईमेल, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप हे सगळं एकेक करून दुसऱ्या नंबरवर घ्या.

दुसरी, डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन. पैसे कंपनीने भरले होते म्हणून साहेब म्हणाले, कपाटात ठेवून जा आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिही. पण प्रमाणपत्र माझ्या नावाचं आहे, त्याने केलेली सही ही माझी सही. मी ठाम नकार दिला. आधी जीएसटी पोर्टलवरून माझं नाव काढायला लावलं, मग प्रमाणपत्र रद्द करायचा अर्ज केला आणि नुसता टोकन परत दिला. साहेब नाराज झाले. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

---

पणजी_हाउसकीपिंग

आमच्या हॉटेलात मजल्याची मास्टर की रोज रजिस्टरवर सही करून घ्यायची आणि ड्युटी संपली की परत. त्यामुळे शेवटच्या दिवशी वेगळं काहीच नसतं. माझा प्रश्न स्टाफ लॉकरचा. त्याची किल्ली माझ्याकडून हरवली. मी बाहेरून डुप्लिकेट करून दिली. आता म्हणतात, मूळ किल्ली कुठेतरी फिरते आहे म्हणून कुलूपच बदलावं लागेल, खर्च तू दे. हे बरोबर आहे का?

---

नागपूर_संत्री

डुप्लिकेट करण्याआधी हरवल्याचं लेखी कळवलं होतं का? नसेल तर अवघड आहे.

---

पणजी_हाउसकीपिंग

नाही, तोंडीच सांगितलं.

---

साताऱ्याहून_लॉगिन

आता माझा चार्जर. मूळ चार्जर दीड वर्षात जळाला. मॅनेजरने फोनवर सांगितलं, बाजारातून घे. मी घेतला, बिल लावलं, पैसे मिळाले. तोच परत पाठवला. आता अ‍ॅसेट टीम म्हणते, हा कंपनीचा नव्हे, मूळ द्या, नाहीतर २,३०० रुपये. बिल मंजूर झाल्याची नोंद त्यांच्याच सिस्टीममध्ये आहे, पण माझा प्रवेश बंद.

---

अ‍ॅसेट_खोली

अ‍ॅसेट टीमशी वाद घालू नका, त्यांना खर्चाची बिलं दिसत नाहीत. पैसे ज्या महिन्यात जमा झाले ती पगारपत्रक किंवा बँकेची नोंद काढा आणि फायनान्सला विचारा, या तारखेचा क्लेम कशाचा होता. त्यांचं उत्तर आलं की तेच अ‍ॅसेट टीमला पुढे पाठवा. जळालेल्या चार्जरचं काय केलंत?

---

साताऱ्याहून_लॉगिन

भंगारात दिला. फायनान्सला आज मेल करतो.