पोराचा फोटो पुढं पाठवताना तुम्ही काय काय कापता? अनुभव सांगा

लातूरची माय: काल जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर पोराच्या दंडावरल्या चट्ट्याचा फोटो टाकला, कोणाला काही माहीत असंल तर सांगा म्हणून. पोरगं गणवेशात, खिशावर शाळेचं नाव, गळ्यात आयकार्ड. संध्याकाळी तोच फोटो माझ्या माहेरच्या ग्रुपवर फिरून आला, खाली नाव-वर्ग सगळं तसंच! लेकीच्या मानेवर पुरळ आलती तेव्हाचं आठवलं, मी बहिणीला नुसती मान कापून पाठवलती तर सासूबाई म्हणल्या एवढं काय लपवायचं. तुम्ही कसं करता?

परभणीकर: मी कापत नाही, मोबाईलातल्या पेननं नावावर काळं फासतो. झालं काम.

स्टुडिओवाला, नांदेड: दादा, पेन कोणता ते बघा. हायलायटर असंल तर वरून काळं दिसतं पण फोटोचा उजेड वाढवला की अक्षरं वर येतात, गिऱ्हाइकाच्या फोटोत बघितलंय. कापलेलंच बरं. अन् कापायचा तो मूळ फोटो, ग्रुपवर फिरून आलेला आधीच दाबून लहान झालेला असतो, त्यातून दंड कापला की नुसता धुरकट ठिपका राहतो, डॉक्टरला कडा दिसत नाही. त्यापेक्षा बाही वर करून दंडाचाच नवीन काढा, खिडकीजवळ, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. पाठवताना फोटो म्हणूनच पाठवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर कुठं काढला ते ठिकाणपण सोबत जाऊ शकतं.

बीडची ताई: गोल है का, कडेला लाल अन् मधी साफ? गजकर्ण असंल. मेडिकलवरून मलम आणू नका बाई, स्टिरॉइडवालं निघालं तर दोन दिवस बरं वाटतं अन् मग पसरतं. माझ्या भाच्याचं तेच झालं.

लातूरची माय: ताई, मी चट्ट्याचं नाही विचारायले, फोटोचं विचारायले 🙏 पण जाऊबाईंना सांगते.

जालन्याचे काका: आमच्या नातवाचा गॅदरिंगचा फोटो कोणीतरी स्टेटसला ठेवला, तो कसा काढायचा?

परभणीकर: काका, ज्यानं ठेवला त्यालाच सांगावं लागंल, आपल्या हातात नाही ते.

हिंगोलीची शिक्षिका: नाव कापलं तरी पाठीमागं शाळेची भिंत, दप्तरावरचा छाप, व्हॅनवरचा फोननंबर राहतो, ते आधी बघत जा. मी फॉरवर्ड करताना खालचा मजकूरपण काढते. पण चट्टा गालावरच असंल तर काय कापायचं?

स्टुडिओवाला, नांदेड: डोळे वगळून गाल तेवढा ठेवा. तोंडभर असंल तर ग्रुपवर टाकूच नका, थेट डॉक्टरला.

लातूरची माय: जाऊबाईंना फोन केला, त्यांनी त्यांचा फोटो डिलीट फॉर एव्हरीवन केला. माहेरच्या ग्रुपवरला अजून तसाच है. तिथं ज्या मामांनी टाकलाय ते फोन उचलेनात, कोणी शेजारी है का त्यांच्या?

बीडची ताई: मामा शेतात असतील, सातला उचलतात.