मंगल कार्यालयात एचडीएमआय ओव्हर लॅन लावल्यापासून वायफाय बसतंय. ४,००० रुपयांत कोणता स्विच घेऊ?

मंडपवाला_सांगली
स्टेजवरचा कॅमेरा पाच टीव्हींवर दाखवायला एक सेंडर आणि पाच रिसीव्हर घेतले. ऑफिसात साधा स्विच आहे. तिथून एकच केबल जेवणाच्या हॉलकडे जाते. तिकडे पाच पोर्टचा साधा स्विच, त्यावर दोन टीव्ही आणि वायफायचा एपी. सेंडर चालू केला की सगळ्या पोर्टचे दिवे एकदम लुकलुकतात, अगदी बिलाच्या प्रिंटरचासुद्धा, आणि पाहुण्यांचं वायफाय बसतं. स्ट्रीम साधारण १८ एमबीपीएसचा. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे.

केबलभाऊ
हे सगळं काढा आणि फायबर एचडीएमआय केबल ओढा. मी दोन हॉलना ओढली, तीन वर्षं हात लावलेला नाही. खर्च वीस हजारांच्या वर जातो, पण एकदाच.

निलेश_नेटवर्क
आयजीएमपी स्नूपिंगवाला आठ पोर्टचा स्मार्ट स्विच घ्या, अडीच-तीन हजारात येतो. मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना जाणारा स्ट्रीम, तो मागणाऱ्या पोर्टलाच देतो. स्नूपिंगची टिक मारली की झालं. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून चालू आहे.

सीसीटीव्ही_काका
माझे कॅमेरेही असेच अडकायचे. एनव्हीआरची हार्ड डिस्क बदलली, थांबलं. तीही बघून घ्या.

मंडपवाला_सांगली
काका, कॅमेरे ठीक चालतात, त्रास फक्त सेंडर चालू असताना होतो. निलेशदादांचं ऐकून स्विच आणला. स्नूपिंग चालू केलं, अनोळखी मल्टिकास्ट ड्रॉप करायचा पर्यायही लावला. राऊटरचं वायफाय लगेच सुधारलं. पण चार-सव्वाचार मिनिटांनी पाचही टीव्ही काळे! रिसीव्हर बंद-चालू केले की परत तेवढाच वेळ चालतात.

निलेश_नेटवर्क
स्विचचा पीस खराब असेल. बदलून घ्या.

वसुधा_आर
पीस चांगला आहे. सव्वाचार मिनिटं हीच खूण आहे. रिसीव्हर चालू होताना "मला हा ग्रुप हवा" असा रिपोर्ट पाठवतो आणि स्विच तो पोर्ट लिहून ठेवतो. ती नोंद टिकायची तर कोणीतरी अधूनमधून "अजून कोणाला हवाय का?" असं विचारायला लागतं. तो क्वेरियर. नेहमीच्या सेटिंगला तो १२५ सेकंदांनी विचारतो आणि उत्तरासाठी १० सेकंद देतो. एखादी फेरी हुकली तरी चालावं म्हणून नोंद १२५ × २ + १० = २६० सेकंद टिकते, म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद. तुमच्याकडे विचारणारंच कोणी नाही. ड्रॉपचा पर्याय नसता तर टीव्ही चालू राहिले असते, पण स्ट्रीम पुन्हा सगळीकडे पसरला असता. निलेश यांच्याकडे राऊटरच क्वेरियर असणार, म्हणून त्यांना हे कधी दिसलं नाही.

केबलभाऊ
म्हणजे लेयर थ्रीचा स्विच हवा, पंचवीस हजारांचा. मी आधीच सांगितलं होतं.

वसुधा_आर
नाही. क्वेरी कोणीही पाठवू शकतं, फक्त ते त्याच नेटवर्कमध्ये हवं. ओपनडब्ल्यूआरटी राऊटरवर एवढं पुरेल:

```
cd /sys/class/net/br-lan/bridge
echo 1 > multicast_snooping
echo 1 > multicast_querier
echo 1 > multicast_query_use_ifaddr
```

शेवटची ओळ सोडू नका. ती नसेल तर क्वेरी 0.0.0.0 या पत्त्यावरून निघते आणि काही स्विच, काही रिसीव्हर ती मानत नाहीत. रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून `/etc/rc.local` मध्येही टाका. `multicast_snooping` ची ओळही हवीच, कारण क्वेरियर ज्या पोर्टवर असतो तिकडे स्विच सगळा मल्टिकास्ट पाठवतो. म्हणजे तुमचे १८ एमबीपीएस राऊटरपर्यंत जाणारच, तिथून ते राऊटरच्या वायफायवर उतरू नयेत.

निलेश_नेटवर्क
फास्ट लीव्हसुद्धा चालू करा, टीव्ही बंद केला की स्ट्रीम लगेच थांबतो.

वसुधा_आर
जेवणाच्या हॉलच्या पोर्टवर अजिबात नको. तिथे एका पोर्टमागे दोन टीव्ही आहेत. एकाने सोडलं की स्विच दुसऱ्याला न विचारता पोर्ट तोडेल. शिवाय तो पाच पोर्टचा साधा स्विच बदला. टीव्हींसाठी स्ट्रीम तिथे पोचला की तो एपीलाही देतो. एपी मल्टिकास्ट सहसा सगळ्यात कमी वेगाने हवेत सोडतो, त्यामुळे १८ एमबीपीएसमध्ये वायफाय गुदमरणारच.

केबलभाऊ
बघा, आता दुसरा स्विच. मग तिसरा. फायबर ओढा.

मंडपवाला_सांगली
सगळ्या ओळी टाकल्या. लॅपटॉपवर `tcpdump -ni eth0 igmp` लावलं, दर १२५ सेकंदांनी राऊटरच्या पत्त्यावरून क्वेरी येतेय. काल बारशाला सलग तीन तास पाचही टीव्ही चालले. प्रिंटरच्या पोर्टचा दिवा शांत आहे.

दुसरा स्विच मात्र घेत नाही. घरात केबलचं बंडल पडलंय, एपीसाठी ऑफिसपासून वेगळी केबल ओढतो. साधा स्विच टीव्हींपुरता राहू दे.

वसुधा_आर
चालेल. पण राऊटर बंद पडला तर २६० सेकंदांनी टीव्हीही जातील. लग्नाच्या दिवशी राऊटर यूपीएसवर ठेवा.

सीसीटीव्ही_काका
हार्ड डिस्क बघितली का?