मॅट्रिक्स कीपॅड: ज्या रो चालू नाहीत त्या हाय ठेवायच्या की इनपुट करायच्या?

नवखा_वायरमन: ऊनोवर 4×4 कीपॅड, साध्या टॅक्ट स्विचचा, झिरो पीसीबीवर स्वतः सोल्डर केलाय. एक रो लो, बाकी तीन हाय, आणि कॉलमला INPUT_PULLUP. एकेक बटण मस्त चालतं पण 1 आणि 4 एकत्र दाबले की कधी एकच दिसतं, कधी काहीच नाही, आणि चिप कोमट लागते. बाकीच्या रो हाय ठेवणं चुकतंय का?

जुना_खेळाडू: डिबाउन्स टाका, 20 मिलिसेकंद. बाकी हाय ठेवण्यात काही चूक नाही, मी मेंब्रेन कीपॅडवर कित्येक वर्षं असंच करतोय, एक पिन गेली नाही.

रो_कॉलम: दादा, डिबाउन्सने चिप गार होणार नाही. 1 आणि 4 एकाच कॉलमवर आहेत, दोन्ही दाबले की पहिली रो लो आणि दुसरी हाय थेट एकमेकांना भिडतात, मधे फक्त दोन स्विच. एका पिनची कमाल मर्यादा 40 मिलीअँप आणि हा करंट तिच्या बराच वर जातो. तुमचं मेंब्रेन वाचलं कारण त्याच्या छापील ट्रॅकलाच बराच रेझिस्टन्स असतो, टॅक्ट स्विचला तो जवळपास नसतोच. ज्या रो चालू नाहीत त्या सरळ इनपुट करा.

जुना_खेळाडू: मग प्रत्येक रोला 330 ओहम लावा की, कोड बदलायला कशाला हवा?

रो_कॉलम: पिन वाचेल हे खरं. पण दोन सारख्या रेझिस्टरच्या मधे कॉलम अडीच व्होल्टवर लटकतो, आणि 5 व्होल्टवर ही चिप दीडच्या खाली लो आणि तीनच्या वर हाय धरते, म्हणजे वाचन भरवशाचं नाहीच.

गेटवाली: माझा अनुभव उलटा आहे. गेटला दोन मीटर केबल, रो इनपुट केल्या आणि 1 दाबलं की 4 पण दिसायला लागलं, परत हाय केल्या तर बंद झालं.

रो_कॉलम: हे बरोबर पकडलंत. हाय रो दाबलेल्या बटणातून कॉलमला पटकन वर ओढत होती, आता ते काम एकट्या आतल्या पुलअपवर पडतं, तो 20 ते 50 किलोओहम, केबल लांब म्हणून कॉलम सावकाश चढतो आणि पुढच्या रोच्या वेळी अजून लोच दिसतो. म्हणून रो सोडताना ती क्षणभर हाय करून मगच इनपुट, तेव्हा बाकीच्या रो इनपुटच असल्याने भिडायला कोणी नसतं. Keypad लायब्ररी तेच करते, फक्त ती कॉलम चालवते आणि रो वाचते.

```
digitalWrite(r, LOW);
pinMode(r, OUTPUT);
delayMicroseconds(10);
// इथे कॉलम वाचा
digitalWrite(r, HIGH);
pinMode(r, INPUT);
```

नवखा_वायरमन: टाकलं, 1 आणि 4 दोन्ही दिसतात, चिप गार. पण 1, 2, 4 एकत्र दाबले की 5 पण येतं!

रो_कॉलम: ते भूत बटण. दुसरी रो लो असताना दुसऱ्या कॉलमचा करंट 2 मधून, मग 1 आणि 4 मधून वळसा घालून त्या रोत उतरतो, कोडने जात नाही, प्रत्येक बटणाला 1N4148 डायोड लावला तरच जातं.

जुना_खेळाडू: पासवर्ड टाकायच्या कीपॅडला सोळा डायोड? तीन बटणं दिसली की ते वाचन सोडून द्यायचं, बास.

गेटवाली: मला तर हेच पटतं, पण छोटा पियानो करणाऱ्याला नाही चालणार.