दिवाळीच्या सूचनेत ‘अर्जंट असेल तर फोन करा’ लिहावं का?

जीएसटीवाला, पुणे: आमचं पाच जणांचं जीएसटीचं ऑफिस. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, भाऊबीज 11 ला. 7 ते 11 बंद ठेवतोय, 6 ला दुपारी दोनपर्यंतच चालू. पार्ट्यांना पाठवायच्या सूचनेत शेवटी ‘अर्जंट असेल तर फोन करा’ लिहिलंय. पार्टनर म्हणतो, ते वाक्य काढ, कुणाचाच नंबर देऊ नकोस. तुमचं मत?

पाटीवाला: पार्टनरचं बरोबर आहे. पार्टीला सगळंच अर्जंट असतं. गेल्या दिवाळीत अंगाला उटणं लावून बसलो होतो आणि फोन आला, ‘अ‍ॅडव्हान्स टॅक्स अंदाजे किती बसेल हो?’ त्याची तारीख 15 डिसेंबर! आणि सरकारही सांभाळून घेतं. 2025 च्या दिवाळीत 3बी ची तारीख 20 ऑक्टोबरवरून 25 केलीच की. शटर ओढा आणि फराळाला बसा.

रिटर्नबाई: ती मुदत ऐन वेळी वाढली होती, तिच्या भरवशावर सुट्टी कशी ठरवणार? यंदा 11 नोव्हेंबर, म्हणजे नेमकी भाऊबीज, ही जीएसटीआर-1 ची तारीख आहे. लेट फी किरकोळ हो, पण 14 तारखेला समोरच्याच्या 2बी मध्ये बिलं दिसली नाहीत की त्याचं क्रेडिट लटकतं आणि तो आपल्या पार्टीचं पेमेंट अडवतो. मात्र हे कॅलेंडरात आजच दिसतंय, त्याला अर्जंट कसलं म्हणायचं? ‘बिलं 3 तारखेपर्यंत पाठवा, रिटर्न 6 ला भरू’ एवढं सूचनेत आलं की ते प्रकरण मिटलं.

अर्जंट म्हणजे ई-वे बिल. आमच्याकडे घडलेलं सांगते. पार्टीचा स्वतःचा टेम्पो पुण्याहून नागपूरला निघाला. सातशेच्या आसपास किलोमीटर, दोनशेला एक दिवस धरून चार दिवसांची मुदत. जालन्याजवळ गिअरबॉक्स गेला आणि दिवाळीमुळे गॅरेज बंद. मुदत मध्यरात्री संपणार होती. ती वाढवता येते संपण्याच्या आधीच्या आठ नि नंतरच्या आठ तासांत, म्हणजे दुपारी चार ते सकाळी आठ. पार्टीने सूचनेतल्या नंबरवर संध्याकाळी सातला फोन केला. आमच्या ऑफिसातल्या मुलाने तो उचललाही. पण पोर्टलच्या लॉगिनचा ओटीपी जायचा सरांच्या मोबाइलवर, आणि सर कोकणात गावी, रेंज नाही. मुलगा रात्री एकपर्यंत सरांचा नंबर लावत बसला होता. सकाळचे आठ वाजून गेले. पुढे गाडी तपासणीत सापडली आणि कराच्या दुप्पट दंडाची नोटीस आली.

म्हणून ते वाक्य मीही काढेन, पण त्याच्या जागी नाव लिहीन. ज्याचं नाव छापाल त्याच्या मोबाइलवर पार्टीच्या ई-वे खात्यात सब-युजर काढून ठेवा आणि 6 तारखेआधी त्याला एकदा लॉगिन करून बघायला लावा. डीएससीचा डोंगल ऑफिसच्या कपाटात असेल तर कपाटाची किल्ली कुणाकडे, तेही बघा.

मालवाहू: ई-वे वाढवणं ट्रान्सपोर्टरचं काम. ऑफिसने कशाला डोक्याला ताप घ्यायचा?

रिटर्नबाई: ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकलेला असेल तर खरंय. इथे गाडी घरची होती, बिल ज्याने काढलं त्यालाच ते वाढवावं लागतं.

सेक्रेटरीकाका: आमच्या सोसायटीच्या लिफ्टवाल्याने दिवाळीत दोन नंबर दिले होते, दोन्ही बंद. सातव्या मजल्यावर फराळाचे डबे मी चढवले. नंबर देऊच नये, किंवा दिला तर चार द्यावेत!

पाटीवाला: चार नंबर दिले की चौघांचीही दिवाळी गेली. आणि बाई, तुमची गाडी वर्षात एकदाच अडकली. तेवढ्यासाठी पाच दिवस माणूस फोनला बांधायचा?

रिटर्नबाई: पाच दिवस कुठे म्हणतेय? सकाळी दहा ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते सात. चारला मुदतीची खिडकी उघडते, सहाचा फोन वेळेत बसतो. मजकूर असा: ‘7 ते 11 ऑफिस बंद. रस्त्यात अडकलेल्या मालाचं ई-वे बिल किंवा अधिकाऱ्यांनी अडवलेली गाडी, एवढ्यासाठीच अमुक यांना या वेळेत फोन करावा. बाकी कामं 12 तारखेला.’

नवी_आर्टिकल: ते ‘अमुक’ म्हणजे मी. दरवर्षी माझंच नाव जातं, कारण माझं लग्न झालेलं नाही आणि घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे. बदली सुट्टी देऊ म्हणतात. गेल्या वर्षीचीच अजून मिळालेली नाही.

जीएसटीवाला, पुणे: सब-युजर आमच्याकडे अकराच पार्ट्यांचे काढलेत, उरलेले या आठवड्यात काढतो. वेळेचं पटलं. नाव कुणाचं टाकायचं यावर पार्टनरशी अजून भांडण चालू आहे. 9 ला मी घ्यायला तयार आहे, पाडव्याला तो म्हणतोय सासुरवाडीला जायचंय.

पाटीवाला: बघा, आलात ना मूळ मुद्द्यावर!