फॉर्म भरायचं काम, आधी डिपॉझिट: तुमचे अनुभव सांगा

शिरीष_ठाणे: घरबसल्या डेटा एंट्रीसाठी किट, सॉफ्टवेअर किंवा 'परत मिळणारं' डिपॉझिट भरलेल्यांनी लिहा. पैसे भरल्यानंतर नेमकं काय घडलं ते हवंय. वहिनीला सध्या अशाच एकाचे फोन येतायत, म्हणून विचारतोय.

रुपाली_संगमनेर: मी 2,500 भरले होते. लॉगिन मिळालं, डाव्या बाजूला स्कॅन केलेला फॉर्म आणि उजवीकडे रिकामे रकाने. कॉपी-पेस्ट बंद. चित्र इतकं पुसट की शून्य आहे की इंग्रजी ओ, हेच कळेना. 500 फॉर्म, मुदत 5 दिवस, अचूकता 98 टक्के. शेवटच्या संध्याकाळी सर्व्हर बंद पडला. सकाळी ईमेल आला, 'क्यूसीमध्ये नापास'. दोन दिवसांनी 'वकिलांचा' फोन, करार मोडलात, 5,800 भरा नाहीतर केस. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, त्यामुळे रडकुंडीला आले होते.

मनोज_अकोला: ताई, घाबरू नका. ऑनलाइन सही केलेल्या कराराला कायद्यात काही किंमतच नसते. कागद, स्टँप, साक्षीदार पाहिजेत. नोटीस फाडून टाका.

आजोबा_वकील: मनोजराव, धीर देताय ते ठीक, पण एवढं सरसकट नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात इलेक्ट्रॉनिक करारही ग्राह्य आहे. मुद्दा वेगळा आहे. फसवून करून घेतलेला करार रद्द ठरवता येतो. दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. आणि नुसता करार मोडणं हा फौजदारी गुन्हा नव्हे, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे, समन्स कोर्टाकडून येतं. नोटीस फाडू नका, जपून ठेवा. तक्रारीला तोच पुरावा.

हर्षदा_क्यूए: रुपालीताई, 98 टक्क्यांचा हिशेब करून बघा. माझं रोजचं काम तपासणीचंच आहे. समजा एका फॉर्मला 20 रकाने, म्हणजे 500 फॉर्मचे 10,000. एका रकान्यात चूक झाली तरी अख्खा फॉर्म बाद, असा नियम बहुतेक तुमच्या करारात असेल. 98 टक्के म्हणजे फक्त 10 फॉर्म चुकायची मुभा. अकरा फॉर्ममध्ये एकेक चूक झाली की नापास, म्हणजे प्रत्यक्षात रकान्यांची अचूकता 99.9 टक्के हवी. त्यात मूळ फॉर्ममध्येच दोन शब्दांमध्ये दोन स्पेस ठेवलेल्या असतात. तुम्ही सवयीने एकच देता, ती चूक. चूक कुठे झाली ते दाखवा म्हणालात का? खरा क्लायंट असेल तर चुकांची यादी देतोच, त्याला काम सुधारून हवं असतं.

रुपाली_संगमनेर: विचारलं होतं. 'रिपोर्ट गोपनीय आहे' म्हणाले. आणि हो, एका फॉर्ममध्ये एकच चूक चालत नाही, असंच कलम होतं.

बाळू_बार्शी: माझ्या भावानं टायपिंगच्या 30 च्या परीक्षेचे पैसे भरले, क्लासचीही फी भरली. नोकरी नाही लागली. ते परत मागता येतील का?

शिरीष_ठाणे: बाळूदादा, ती परीक्षेची फी झाली, ती वेगळी गोष्ट. इथे कामच पैसे भरल्यावर देतात त्याबद्दल चाललंय.

नंदू_सोलापूर: माझं उलट झालं. मी पास झालो! 18,000 कमाई दिसायला लागली. पैसे काढायला गेलो तर आधी जीएसटीचे 3,240, मग टीडीएस. बायको अकाउंट्सला आहे. ती म्हणाली, टीडीएस देणारा रकमेतून कापून घेतो, आपल्याकडून वेगळा मागत नाही. तिथेच थांबलो. 3,240 मात्र गेले.

हर्षदा_क्यूए: लगेच 1930 ला फोन केलात का?

नंदू_सोलापूर: दुसऱ्या दिवशी केला, cybercrime.gov.in वर तक्रारही टाकली. यूपीआयचा व्यवहार क्रमांक विचारला, तो होता. त्यातले 1,100 समोरच्या खात्यात होल्ड झालेत, बाकीचे आधीच पुढे काढलेले. सोडायला कोर्टाचा आदेश लागेल म्हणाले, अजून अडकलेलेच आहेत.

रुपाली_संगमनेर: मी 5,800 भरले नाहीत. दोन आठवडे वेगवेगळ्या नंबरवरून फोन आले, मग बंद झाले. पण आधार, पॅन आणि सहीचा फोटो त्यांच्याकडे आहे. त्याचं काय करायचं?

आजोबा_वकील: तक्रारीत ही कागदपत्रं दिल्याचा उल्लेख करून ठेवा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा. तुमच्या नावावर अनोळखी कर्ज दिसलं तर लगेच त्या संस्थेला लेखी कळवा. पुढे कोण काय करेल, याची हमी मात्र मी देऊ शकत नाही.

शिरीष_ठाणे: वहिनीने आत्ता विचारलं, आधी चुकांची यादी दाखवाल का? त्यांनी सांगितलं, ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे, डिपॉझिट निम्मं करतो.