जुन्या गेम १६:९ मॉनिटरवर: काळ्या पट्ट्या ठेवायच्या की ताणून स्क्रीन भरायची?

शाहूपुरीचा_पोरगा: भावांनो, २४ इंची मॉनिटर घेतलाय, १९२०×१०८०. डॉसबॉक्समध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया टाकला तर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येत्यात. दादा म्हणतोय ताणून फुल कर, एवढा मॉनिटर काय पट्ट्या बघायला घेतलाय का. तुमचं मत काय?

बिंदू_चौक_७: दादाचं बरोबर आहे. पैसे पूर्ण काचेचे मोजलेत. रात्री लाईट बंद करून खेळलं की त्या पट्ट्या काळ्या पण दिसत नाहीत, करड्या चमकतात आणि नजर सारखी तिकडं जाते. चार-पाच मिनिटं खेळलं की ताणलेलं चित्र डोळ्याला सवयीचं होतं. काउंटर स्ट्राईकवाले तर मुद्दाम ताणून खेळतात.

जुना_पेंटियम: काउंटर स्ट्राईकमध्ये ताणल्यावर समोरचा माणूस रुंद दिसतो, म्हणून काहीजण तसं खेळतात, ती त्यांची आवड. पण प्रिन्सचं वेगळं आहे. जॉर्डन मेकनरनं भावाला पळायला-उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक फ्रेम गिरवली, म्हणून तर त्या पोराची चाल इतकी खऱ्या माणसासारखी वाटते. तुम्ही चित्र १४४० च्या जागी १९२० रुंद केलं की ते तिसऱ्या हिश्श्यानं फुगतं, उंची तेवढीच राहते. खांदे रुंद, पाय आखूड. तो आडवा पळताना जास्त जोरात पळतोय असं वाटतं आणि खाली पडताना मात्र वेग पहिलाच. ज्या गोष्टीसाठी हा गेम आठवतो तीच बिघडते, मला ते बघवत नाही.

कळंब्याचा_नाद: पट्ट्या पाहिजेतच, पण १४४० कुठनं आणलं? गेम ३२०×२०० चा आहे, ३२० भागिले २०० म्हणजे १६:१०. १०८० उंचीला १७२८ रुंदी येते, दोन्हीकडं ९६-९६ पिक्सेलची बारीक पट्टी. माझ्याकडं हेच दिसतंय. १४४० केलं तर चित्र उभं ताणल्यासारखंच झालं की.

जुना_पेंटियम: गणित बरोबर, पण पिक्सेल चौकोनी धरलास तिथं फसतंय. १९९० ला हा गेम डॉसवर आला तेव्हा समोर ४:३ ची सीआरटी होती, आणि ३२०×२०० चं चित्र त्या पूर्ण काचेवर पसरायचं. म्हणजे एकेक पिक्सेल रुंदीपेक्षा १.२ पट उंच. तुझ्याकडं प्रिन्स थोडा ठेंगणाच दिसतोय, फक्त बिंदू चौकवाल्यापेक्षा कमी, म्हणून लक्षात येत नाही. डॉसबॉक्स ०.७४ मध्ये हे दुरुस्त करायची सेटिंग आपोआप चालू नसते, कॉन्फिग फाईलमध्ये हे बघ:

```
[sdl]
fullresolution=desktop
output=opengl
[render]
aspect=true
```

यानंतर १४४०×१०८० येईल, दोन्ही बाजूला २४० ची पट्टी. चित्र तरी पण काठाला भिडलं तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत ताणायचा पर्याय चालू आहे का ते बघ.

बिंदू_चौक_७: पण सीआरटीला तरी कुठं सगळं अचूक होतं? रुंदी-उंचीची बटणं होती, प्रत्येक कॅफेत चित्र वेगळंच बसवलेलं असायचं.

जुना_पेंटियम: होतंच. पण ती इकडं-तिकडं थोडी व्हायची, कुणी मुद्दाम तिसऱ्या हिश्श्यानं ताणून ठेवत नव्हतं. आणि हे मी प्रत्येक गेमला म्हणत नाही. काही डॉस गेमची चित्रं चौकोनी पिक्सेल धरून काढलेली आहेत, त्यात `aspect=true` केलं की गोल वस्तू उभ्या अंड्यासारख्या दिसतात. गेममध्ये नाणं, घड्याळ, चाक काहीतरी गोल असेल ते बघा, ते ज्या सेटिंगला गोल दिसेल ती धरा.

रंकाळा_फेरी: एवढा उपद्व्याप कशाला, राजारामपुरीत जुना १७ इंची चौकोनी एलसीडी घ्या, पट्टीच नको. मी तोच वापरतो, १२८०×१०२४, फुल स्क्रीन मस्त.

जुना_पेंटियम: तो ५:४ आहे मित्रा, ४:३ नाही. त्याच्यावर बरोबर चित्र १२८०×९६० चं, वर-खाली ३२-३२ ओळी रिकाम्या राहायला पाहिजेत. पट्टी अजिबात येत नसेल तर तुझा प्रिन्स थोडा उभा ताणलेला आहे.

रंकाळा_फेरी: मला तर कधी जाणवलं नाही, आणि जे जाणवत नाही ते कशाला बदलू.

शाहूपुरीचा_पोरगा: केलं, १४४० आलं, माणूस एकदम सडपातळ झाला. दादा अजून पट्ट्यांवर नाराज आहे. पण आता चित्र थोडं धुरकट वाटतंय, आधी कडा धारदार होत्या.

कळंब्याचा_नाद: `output=openglnb` कर, धार येईल.

जुना_पेंटियम: धार येईल, पण ३२० चे १४४० म्हणजे साडेचार पट, मग काही पिक्सेल चार रुंद, काही पाच, आणि प्रिन्स पळताना त्याच्या कडा लवलवतात. उंचीला ५.४ पट, तिथं पण तेच. ३२०×२०० बरोबर बसतो १६००×१२०० वर, पाच पट आणि सहा पट, पण १०८० ओळींत १२०० बसणार कुठं. मी थोडं धुरकट चालवून घेतो. धारच पाहिजे असेल तर openglnb वर पहिली लेव्हल खेळून बघ आणि सांग, लवलव सहन होते का.