राउटरची नकळत उघडी राहिलेली दारं: रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी बंद करण्याबद्दल सल्ला हवा

नदीकाठ
पुण्यात फायबर कनेक्शन आहे. फायबरची तार ज्यात येते तो कंपनीचा डबा म्हणजे ओएनटी, त्याला जोडलेला टीपी-लिंक आर्चर राउटर आणि राउटरला ४ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. राउटरच्या `UPnP` पानावर दोन ओळी दिसतात आणि त्या मी टाकलेल्या नाहीत. दोन्ही 192.168.0.105 कडे, म्हणजे डीव्हीआरकडे जातात: एक 37777, दुसरी बाहेरून 8080 आणि आत 80. यूपीएनपी बंद केलं तर मोबाइलवर कॅमेरे दिसायचे थांबतील का? आणि रिमोट मॅनेजमेंट खरंच बंद आहे, हे तपासायचं कसं?

खिडकी७
फार काळजी करू नका. घरगुती फायबर बहुतेक सीजीनॅटमागे असतं, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता कंपनी अनेक घरांना वाटून देते, त्यामुळे बाहेरून कोणाला आत येताच येत नाही. कुठल्याही पोर्ट तपासणाऱ्या साइटवर 37777 टाकून बघा, `closed` येईल. विषय संपला.

ताराजोड
खिडकी७, सीजीनॅट असेल तर बाहेरून येणं अवघड होतं हे खरं, पण ते आहे असं धरून चालू नका. शिवाय ते फक्त आयपीव्ही४ पुरतं असतं. आणि सीजीनॅट असेल तर ती साइट कंपनीचा सामायिक पत्ता तपासते, घरातला राउटर तिला दिसतच नाही. त्यामुळे तिथल्या `closed` वरून राउटरबद्दल काहीच कळत नाही.

नदीकाठ, आधी राउटरच्या पहिल्या पानावरचा WAN IP बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर सीजीनॅट. 192.168 ने सुरू होत असेल तर ओएनटीसुद्धा राउटरचं काम करतोय, म्हणजे तुमच्याकडे एकामागे एक दोन दारं आहेत आणि रस्त्याकडचं दार ओएनटीचं आहे.

त्या दोन ओळी डीव्हीआरनेच मागून घेतल्या आहेत. यूपीएनपीमध्ये आतलं कुठलंही उपकरण "माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड" म्हणतं आणि राउटर पासवर्ड न विचारता उघडतो. त्या पोर्टवर येणारा माणूस थेट डीव्हीआरच्या लॉगिनपाशी पोचतो. राउटरचा पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी तो या वाटेत कुठे लागत नाही.

बंद करायची सुरुवात डीव्हीआरपासून करा. त्याच्या `Network` मेनूतलं `UPnP` बंद करा. मग राउटरवर `Advanced > NAT Forwarding > UPnP` बंद करा आणि राउटर रीस्टार्ट करा. काही राउटर आधी उघडलेली पोर्ट्स रीस्टार्ट होईपर्यंत तशीच ठेवतात, पानावरची यादी रिकामी दिसली तरी. डीव्हीआरवरचं राहू दिलं तर आज काही होणार नाही, पण उद्या कोणी राउटर फॅक्टरी रीसेट केला की यूपीएनपी पुन्हा चालू होऊन त्याच दोन ओळी परत येतील.

कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर ॲपमध्ये डीव्हीआर कसा जोडलाय ते बघा. क्यूआर किंवा सिरीयल नंबरने जोडला असेल तर डीव्हीआर स्वतः आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असतो, त्याला उघडं पोर्ट लागत नाही. आयपी पत्ता किंवा डीडीएनएस नाव टाकून जोडला असेल तर मात्र बंद पडेल. तसं असल्यास तो ॲपमधून काढून सिरीयल नंबरने पुन्हा जोडा.

रिमोट मॅनेजमेंट `Administration` पानावर असतं, तिथली खूण काढा. जुन्या टीपी-लिंकवर खूण नसते, पत्त्याचा रकाना असतो. 0.0.0.0 म्हणजे बंद, 255.255.255.255 म्हणजे जगात कोणालाही मुभा. शून्यं बघून लोक "सगळ्यांना उघडं" असं समजतात आणि बदलायला जातात, तेव्हा तिथे जपून.

आंबेमोहर
एनीडेस्क, टीमव्ह्यूअर काढून टाका, रिमोटचा प्रश्न मिटेल.

ताराजोड
ते संगणकाचा पडदा दुसऱ्याला दाखवण्यासाठी. इथे प्रश्न राउटरचं सेटिंग पान इंटरनेटवरून उघडतं का, हा आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

संध्या_को
मुलाच्या एक्सबॉक्सवर यूपीएनपी बंद केल्यावर NAT type `Strict` झाला आणि मित्रांशी बोलता येईना. मी परत चालू केलं. मग करायचं काय?

ताराजोड
संध्याताई, त्या एका गोष्टीसाठी सगळ्यांना दार उघडायची मुभा देऊ नका. `Address Reservation` मध्ये एक्सबॉक्सला कायमचा पत्ता द्या आणि `Virtual Servers` मध्ये त्या पत्त्यासाठी 3074, UDP एवढीच ओळ टाका. मग यूपीएनपी बंद करून राउटर आणि एक्सबॉक्स दोन्ही रीस्टार्ट करा. मात्र वर सीजीनॅट असेल तर `Open` मिळण्याची आशा धरू नका.

नदीकाठ
WAN IP 192.168.1.2 निघाला. ओएनटीच्या पाठीमागच्या स्टिकरवरचं लॉगिन चाललं. त्याच्या WAN वर जो पत्ता आहे तोच "माझा आयपी" दाखवणाऱ्या साइटवर येतो, म्हणजे सीजीनॅट नाही. आणि ओएनटीवर DMZ चालू आहे, पत्ता 192.168.1.2.

ताराजोड
तीच गोम. DMZ असा लावलेला असला की ओएनटी बाहेरून येणारं जवळपास सगळं सरळ तुमच्या राउटरकडे ढकलतो. म्हणून राउटरवरच्या त्या दोन ओळी खरोखर इंटरनेटवर उघड्या होत्या. DMZ बंद करा आणि ओएनटीवरचं यूपीएनपी आणि रिमोट ॲक्सेसही बघा.

मग `nmap` या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रामने बाहेरून तपासा. लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढून मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर घ्या. घरातूनच स्वतःचा बाहेरचा पत्ता तपासला तर काही राउटर तो आतल्या आत वळवतात आणि बाहेर बंद असलेलं पोर्टही उघडं दिसतं.

```
nmap -Pn -p 80,443,7547,8080,37777 <ओएनटीचा WAN IP>
```

`closed` आणि `filtered` दोन्ही चालतील. पहिल्यात नकार येतो, दुसऱ्यात उत्तरच येत नाही. `open` दिसलं तर शोधायचं.

नदीकाठ
37777, 8080, 80, 443 सगळी `filtered`. मोबाइल डेटावर कॅमेरे दिसतायत, क्यूआरने जोडलेले होते. पण 7547 `open` आहे आणि ओएनटीवर ते बंद करायचं बटण सापडत नाही.

खिडकी७
ते TR-069, कंपनीचं असतं. त्याला हात लावू नका.

ताराजोड
कंपनीचं आहे हे बरोबर. दुरून सेटिंग बदलायला आणि फर्मवेअर चढवायला त्या पोर्टवर कंपनीचा सर्व्हर हाक मारतो. पण ती हाक फक्त कंपनीच्या सर्व्हरकडून यायला हवी, तुमच्या मोबाइल डेटाला ते पोर्ट `open` दिसायला नको. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर अडखळले, ते याच पोर्टवर मिराई या मालवेअरच्या एका प्रकाराने केलेल्या माऱ्यामुळे. तक्रार नोंदवताना "ओएनटीचं 7547 सर्व इंटरनेटला दिसतंय, फक्त तुमच्या सर्व्हरपुरतं मर्यादित करा" एवढंच लिहा आणि स्कॅनचा स्क्रीनशॉट जोडा.

शिवार_नेट
ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद केलं, तर? WAN चा पत्ता थेट आर्चरवर येईल, DMZ ची भानगडच नको.

ताराजोड
मला तोच मार्ग आवडतो. पण लँडलाइनचा फोन ओएनटीतून चालत असेल तर ब्रिज केल्यावरही तो चालू राहील का, हे आधी विचारून घ्या. आणि काही ओएनटी ब्रिजमध्येही TR-069 साठी वेगळा WAN ठेवतात, त्यामुळे नंतर एक स्कॅन आर्चरच्या नव्या पत्त्यावर करावा लागेल आणि जुन्या पत्त्यावर काही उत्तर देतंय का, हेही बघावं लागेल.

नदीकाठ
फोन त्यातूनच चालतो. तक्रार टाकली आहे, उत्तर आलं की इथे लिहितो. तोपर्यंत ब्रिज करत नाही.